मदत हवी आहे : रात्रपाळीत फ्लोअर वॉर्डनची विभागणी कशी करावी?

वाशीतील एका सहा मजली, 48 खोल्यांच्या हॉटेलात अग्निसुरक्षेचे काम माझ्याकडे आहे. दिवसा प्रत्येक मजल्यावर हाउसकीपिंगचा एक कर्मचारी फ्लोअर वॉर्डन असतो; रात्री 11 नंतर मात्र चारच जण उरतात आणि रिसेप्शन व फाटक सोडल्यास मजल्यांसाठी दोघेच.

गेल्या महिन्यात एका रिकाम्या मजल्यावर रात्री सराव घेतला. दार ठोठावणे, थोडे थांबणे, मास्टर कीने उघडून स्नानगृहापर्यंत पाहणे, यात आठ खोल्यांना 5 मिनिटे लागली. म्हणजे तीन-तीन मजले वाटून घेतले तरी 15 मिनिटे, आणि तोवर वॉर्डनच धुरात अडकण्याची मला खरी भीती वाटते.

दारामागचे नकाशे आणि अंधारात चमकणाऱ्या दिशादर्शक पाट्या लावल्या आहेत. अग्निशमन गाडीची वाट अडू नये म्हणून जमण्याची जागा पोर्चमधून मागच्या आवारात नेली आहे. रात्रीचे कर्मचारी वाढवणे सध्या शक्य नाही.

अशा वेळी दोघांनी आगीचा आणि त्यावरचा मजला आधी रिकामा करून उरलेले मजले घोषणेवर सोपवावेत का, आणि तपासलेल्या खोलीच्या दारावर कोणती खूण करावी, म्हणजे खाली रिसेप्शनच्या यादीशी पाहुण्यांची मोजणी जुळवता येईल?