युती मोडली तर ते पक्षांतर का?

दर्यापूरकर: बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, आमदारानं पक्ष सोडला तर ते पक्षांतर. मग अख्ख्या पक्षानं युती सोडली तर त्याला काय म्हणायचं?" मी 'तेही पक्षांतरच' म्हणून वेळ मारून नेली. पण रात्रभर टोचत राहिलं. आणि 'युती' व 'आघाडी' यांत शब्द म्हणून काही फरक आहे का?

कापूसवाला: फरक काय, एक गट युती म्हणवतो, दुसरा आघाडी. आमच्याकडं बोंड फुटलं की घरात पैसा येतो अन् पक्ष फुटला की सरकार जातं, शब्द तोच. बाकी एवढं ध्यानात ठेवा सर, दोन तृतीयांश आमदार फुटले की कायदा काहीच करू शकत नाही.

जुनी प्राध्यापिका: 'युती' ग्रहांचीही असते. दोघे जवळ दिसतात, पण आपापल्या कक्षेतच फिरतात. 'आघाडी' म्हणजे लढाईतली पुढची फळी. पण सर, तुमचं उत्तर चुकलं. पक्षांतरबंदी कायदा म्हणजे संविधानाची दहावी अनुसूची, आणि ती फक्त पक्ष ओळखते. युती तिच्या लेखी नाहीच.

2019 घ्या. विधानसभेच्या 288 जागा, बहुमताला 145 हवेत. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. भाजपला 40 कमी पडत होते आणि बाकी तिघांपैकी कुणीही एकटा ते भरून काढू शकत होता. उलट भाजपला बाहेर ठेवायचं तर तिघांनाही एकत्र यावं लागत होतं, कारण कोणतेही दोन मिळून 110 च्या पुढं जात नव्हते. विचार न जुळणारे तीन पक्ष जवळ आले त्यामागं हा हिशेब होता. शिवसेना निवडणूकपूर्व युती सोडून गेली, पण तिच्या एकाही आमदाराची आमदारकी गेली नाही. पक्षानं मित्र बदलला, आमदारांनी पक्ष सोडला नव्हता. त्यांच्यातला एकटा कुणी उठून पक्षादेशाविरुद्ध मत देता, तर मात्र अडकला असता.

दर्यापूरकर: म्हणजे मतदारानं युतीकडं बघून मत दिलं, तरी युती मोडणारा मोकळा?

जुनी प्राध्यापिका: कायद्यापुरता मोकळा. आता कापूसवाले, तुमचं दोन तृतीयांश. 1985 च्या मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदारांच्या 'फुटी'ला माफी होती. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. आता दोन तृतीयांशांना संरक्षण मिळतं ते दुसऱ्या पक्षात विलीनीकरण झालं तरच. शिवसेनेचे 55 आमदार असताना दोन तृतीयांश म्हणजे 37. 2022 मध्ये शिंदे यांच्यासोबत त्याहून जास्त गेले, पण ते कुठंच विलीन झाले नाहीत.

कापूसवाला: मंग त्यायची आमदारकी काऊन नाही गेली?

जुनी प्राध्यापिका: कारण 'आम्ही फुटलो' असं ते म्हणालेच नाहीत. 'आम्हीच पक्ष' म्हणाले. भांडण 'फूट' या शब्दावरून 'मूळ पक्ष' या शब्दावर गेलं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फुटीचा बचाव आता उरलेला नाही आणि पक्षादेश काढणारा प्रतोद नेमायचा अधिकार विधिमंडळ पक्षाला, म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाला नाही, राजकीय पक्षाला आहे. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांवर सोपवला. अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 ला शिंदे गटालाच खरी शिवसेना मानलं आणि कुणालाच अपात्र केलं नाही.

बैलजोडी: प्रतोद म्हणजे मुळात बैल हाकायची पराणीच ना? म्हणजे न्यायालयात खरा वाद पराणी कोणाच्या हातात, हाच होता!

माजी सदस्य: माह्या कामाचं सांगा भाऊ. गावात आमचं पॅनल होतं, नऊपैकी पाच जण. उपसरपंचाच्या निवडीत आमचाच एक जण रात्रीतून तिकडं गेला. मी तहसीलमध्ये अर्ज घेऊन गेलो, ते म्हणे इथं पक्षांतर चालत नाही. त्यानं तर सपशेल दगा देला!

जुनी प्राध्यापिका: दगा खराच. पण ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, म्हणून तिथं पक्षांतरबंदी नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपालिकांसाठी 1986 चा वेगळा राज्य कायदा आहे. गंमत म्हणजे त्यात 'आघाडी' हा शब्द आहे. निवडणुकीसाठी बांधलेला गटही तिथं पक्षासारखा धरला जातो. तुमचं पॅनल नगरपालिकेत असतं तर बोलता आलं असतं.

माजी सदस्य: मंग आमच्या गावाची नगरपालिका व्हाची वाट पाहू का?

बैलजोडी: मला एक पटत नाही. एकट्यानं जायचं तर दंड, झुंडीनं जायचं तर वाट मोकळी. म्हणून तर आता एकेक जण जात नाही, बस भरून जातात. कायद्यानं पक्षांतर थांबलं की ठोक झालं?

जुनी प्राध्यापिका: दोन्ही म्हणणारे अभ्यासक आहेत. मला तुमचंच बरोबर वाटतं. छोट्या मित्रपक्षाला मात्र कायद्याचा आधारही होतो. त्याचे आमदार एकेक करून फोडता येत नाहीत, म्हणून त्याच्या धमकीला वजन राहतं.

दर्यापूरकर: एवढं सगळं कळलं, पण त्या मुलीला शब्द कोणता सांगू?

कापूसवाला: काडीमोड. पेपरवाले तेच लिहितात.

बैलजोडी: काडीमोडात पोटगी असते, इथं उलट खातं मिळते.