भाऊबीज: बहिणीच्या कामाला लागलेली भेट (अनुभव धागा)

धागाकर्ता, काळाचौकी

पाकीट आणि चॉकलेटचा डबा ताटात ठेवून आपण मोकळे होतो, याबद्दल येथे अनेकदा बोलणे झाले आहे. म्हणून या धाग्यात बहिणीच्या रोजच्या कामात खरोखर शिरलेल्या भेटवस्तूंचेच अनुभव लिहावेत. वस्तू कोणती हे तर सांगाच, पण ती निवडण्यापूर्वी काय पाहिले आणि वर्षभरानंतर ती वापरात आहे की माळ्यावर गेली, हेही लिहा. सुरुवात माझ्यापासून करतो.

माझी ताई चाळीतल्या खोलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. तिच्याकडे आईचे जुने काळे, पायाने चालवायचे मशीन होते आणि लग्नसराईत गुडघे धरतात अशी तिची तक्रार असे. नवे मशीन द्यायचे हे मी ठरवले होते, पण कोणते द्यावे हे ठरवण्यासाठी एका दुपारी तिच्याजवळ बसून ती काय करते ते नुसते पाहिले. सरळ लांब शिलाईला तिचा फारसा वेळ जात नव्हता. वेळ जात होता तो गळ्याच्या वळणावर, पायपिंगवर आणि बाही जोडताना, जिथे दोन-चार टाके घालून थांबावे लागते, कापड वळवावे लागते आणि दर वेळी चाकाला हात लावून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणजे तिला नुसता वेग नको होता. पाय उचलताच थांबणारे आणि हळू चालवले तरी जाड शिवणीत न अडखळणारे यंत्र हवे होते.

त्यामुळे कारखान्यात वापरतात तसे एकसुईचे मशीन घेतले, ज्याला कंपनी कोणतीही असली तरी सगळे शिंपी ‘जुकी’च म्हणतात. दुकानदार क्लच मोटरचे मशीन स्वस्तात देत होता. ती मोटर बटण चालू केल्यापासून बंद करेपर्यंत सतत फिरत राहते, तुम्ही शिवत असा वा नसा, आणि तिची घरघर शेजारच्या खोलीतही ऐकू जाते. भाचीचा अभ्यास त्याच खोलीत चालतो, हे लक्षात घेऊन मी मोटर डोक्यातच बसवलेले, पायटा दाबला तरच चालणारे मशीन निवडले. टेबल आणि स्टँडसह खर्च पंचवीस हजारांच्या आसपास गेला आणि तो आम्ही दोघा भावांनी मिळून केला. टेबल साधारण चार फूट लांब आणि दोन फुटांहून थोडे कमी रुंद असते, म्हणून खरेदीआधी भाऊजींना विचारून खिडकीखालची जागा मापून घेतली. डोक्याचे वजन जवळपास तीस किलो असते. चाळीच्या लाकडी जिन्यावरून डोके, फळी आणि स्टँड वेगवेगळे वर नेऊन खोलीतच जोडावे लागले.

मशीन आता रोज चालते. माझा प्रश्न असा की सुरुवातीला ताईला त्याच्या वेगाची भीती वाटत होती. इतरांनी यावर काय केले?

सुईदोरा, दादर

मी अनेक वर्षे ब्लाउज शिवते आणि मुलींना शिकवतेही, म्हणून सविस्तर लिहिते. वेगाची भीती सगळ्यांनाच वाटते, कारण घरगुती मशीनपेक्षा हे कितीतरी पटींनी जलद चालू शकते. मोटर डोक्यात असलेल्या मशीनच्या नियंत्रण पेटीवरून कमाल वेग कमी करून ठेवता येतो. दुकानाचा मेकॅनिक जोडणीला येईल तेव्हाच त्याच्याकडून तो करून घ्यावा. मग दोरा न ओवता जुन्या वहीच्या रेघी कागदावर सुई चालवायची, आधी सरळ रेघेवर आणि नंतर काढलेल्या गोलावर. पायट्यावर पंजा किती दाबायचा हे पायाला अशानेच कळते आणि कापड वाया जात नाही. कागदाने बोथट झालेली ती सुई मात्र पुढे रेशमी कापडाला लावू नये.

भेट देणाऱ्या भावांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे जुन्या मशीनच्या सुया आणि बॉबिन या मशीनला चालत नाहीत. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, तर हिचा पूर्ण गोल असतो, त्यामुळे ती उलटसुलट कशीही बसते आणि चुकीची बसली तरी पटकन कळत नाही. सुईवरची लांब खाच डावीकडे हवी. ती फिरली की टाके सुटतात किंवा दोरा तुटतो, आणि नव्या बाईला वाटते की मशीनच खराब आले. म्हणून मशीनसोबत अकरा आणि चौदा नंबरच्या सुयांची पाकिटे व डझनभर बॉबिन द्याव्यात.

टाका नीट पडतो की नाही हे शिवण उलटून पाहिल्यावर कळते. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फासे दिसत असतील तर वरचा ताण कमी आहे, आणि बहुतेक वेळा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. पुन्हा ओवून पाहण्याआधी स्क्रूला हात लावू नये.

तेलाचेही सांगते. बहुतेक जुकींच्या खालच्या ट्रेमध्ये तेल दोन खुणांच्या मध्ये राहिले पाहिजे, आणि मशीन चालू असताना वरच्या काचेच्या खिडकीत ते उसळताना दिसायला हवे. दिसले नाही तर तेथेच थांबावे. घर बदलताना तेल आधी काढून घ्यावे, नाहीतर टेम्पोतल्या गाद्या खराब होतात.

मधला भाऊ, डोंबिवली

एवढा खर्च कशाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मी बहिणीच्या जुन्या काळ्या मशीनलाच बाजूची छोटी मोटर बसवून दिली, दीड हजारांच्या आत काम झाले, पाय दुखणे थांबले आणि जागाही तेवढीच लागली. मोटर म्हणजे मोटर. शिलाई शेवटी तीच पडते.

सुईदोरा, दादर

तुमच्या बहिणीचे काम फॉल लावणे, साडी-पडद्यांच्या कडा मारणे आणि थोडेफार अल्टर करणे एवढेच असेल, तर तुम्ही योग्य तेच केले. मात्र ती छोटी मोटर हळू चालवली की तिचा जोर कमी पडतो, आणि अस्तर, पायपिंग व कापडाचे चार थर एकत्र येतात तिथे चाकाला हात द्यावाच लागतो. सतत तासन्‌तास वापरली तर तिचा पायटा गरम होतो. धागाकर्त्याची ताई ज्या ठिकाणी अडत होती, तिथे या मोटरचा उपयोग झाला नसता.

मधला भाऊ, डोंबिवली

पायटा गरम होतो हे खरे आहे. बहीण मध्ये मध्ये चहाला उठते तेव्हा तो निवतो. तरी माझे मत मी बदलत नाही.

चिवडेवाला भाऊ, गिरगाव

आमच्याकडे शिवणकाम नाही. माझी धाकटी बहीण चकली, चिवडा आणि करंज्यांच्या ऑर्डरी घेते, म्हणून मी तिला गेल्या भाऊबीजेला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दिला. फारच उपयोगी पडला. फराळ विकणाऱ्या प्रत्येक बहिणीला हाच द्यावा असे सुचवतो.

निवृत्त, ठाणे

काटा उत्तम आहे, पण तो पाककृतीसाठी बेसन आणि मोहन मोजायला. गिऱ्हाइकाला किलोवर माल द्यायचा असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटाच लागतो आणि त्याची ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो शिक्का नसतो. दुसरे असे की फराळाच्या ऑर्डरी नवरात्रापासून सुरू होतात आणि भाऊबीज येते तेव्हा कढई उतरलेली असते. अशा बहिणीची भेट दसऱ्याला पोहोचली पाहिजे. बीजेला ओवाळणी म्हणून सुपारी आणि एक रुपया ताटात ठेवला तरी चालेल.

मी बहीण आहे, परळ

येथे सगळे भाऊच लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. माझ्या दादाने मला न विचारता घरघंटी दिली. वस्तू उत्तम आहे, पण आमच्या घरात ती फक्त दाराच्या मागे मावते, दार पूर्ण उघडत नाही, आणि आम्हा तिघांचे दळण खालच्या गिरणीत महिन्यातून एकदा टाकले की पुरते. परत करा असे त्याला सांगता येत नाही, कारण तो दर वेळी आल्यावर आधी तिच्याकडे पाहतो. भावांनो, आश्चर्याचा धक्का द्यायचा तर तो साडीने द्या. जमिनीवर उभी राहणारी कोणतीही वस्तू विचारूनच घ्या.

चिवडेवाला भाऊ, गिरगाव

विचारले तर बहीण ‘काही नको रे’ म्हणते. मग काय करायचे?

मी बहीण आहे, परळ

‘काय हवे’ असे विचारल्यावर ‘काही नको’ हेच उत्तर येणार. ‘कोणत्या कामाचा कंटाळा येतो’ असे विचारून पाहा. नंतर वस्तू ठरली की टेप घेऊन जा.

हिशेबनीस, मुलुंड

एक छोटी पुस्ती जोडतो. असे यंत्र घेताना बिल बहिणीच्या नावाने करावे. वॉरंटीसाठी तक्रार तिलाच करायची असते, आणि पुढे तिने उद्यम नोंदणी करून कर्जासाठी अर्ज केला तर यंत्र तिच्या मालकीचे असल्याचा कागद हाताशी राहतो. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, त्यामुळे मधल्या कोणाला पैसे देऊ नयेत. भावाकडून बहिणीला मिळालेल्या भेटीवर तिला आयकर लागत नाही, मग रक्कम कितीही असो.

धागाकर्ता, काळाचौकी

बिल ताईच्याच नावाने आहे. सुईदोरा यांना आणखी एक विचारतो. ब्लाउजच्या आतल्या कडा ती अजूनही बाहेर इंटरलॉकला देते आणि साड्यांचा पिकोही बाहेरच जातो. यंदाच्या भाऊबीजेला यांपैकी कोणते मशीन घ्यावे?

सुईदोरा, दादर

एका मशीनमध्ये दोन्ही होत नाही, हे आधी लक्षात घ्या. तुमची जुकी फक्त सरळ टाका घालते. पिकोला सुई डावी-उजवीकडे हलणारे मशीन लागते, आणि इंटरलॉकला कडा कापत कापत तीन दोऱ्यांनी बांधणारे. ताईला महिनाभर एका वहीत लिहायला सांगा की इंटरलॉकसाठी बाहेर किती दिले आणि पिकोसाठी किती. माझा अंदाज आहे की ब्लाउज शिवणारीचे पैसे इंटरलॉककडे जास्त जातात, पण तिची गिऱ्हाइके साड्यांची असतील तर उलटही असू शकते. आणि खिडकीखाली दुसरे टेबल बसत नसेल तर छोटे, टेबलावर ठेवायचे इंटरलॉक पाहा; ते खाट किंवा टेबलाखाली ठेवता येते, मात्र जाड कापडावर सतत चालवण्यासाठी ते नाही.

मधला भाऊ, डोंबिवली

जुने काळे मशीन विकले का? विकायचे असेल तर मला कळवा.

धागाकर्ता, काळाचौकी

विकलेले नाही आणि ताई विकू देणार नाही. वीज गेली की तिच्या हातातले काम त्यावरच पुरे होते.