शब्दचर्चा : 'दाबाची दुरुस्ती' म्हणजे नेमकं काय दुरुस्त करायचं?

कृष्णाकाठ, सांगली
मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं वर्गात बरीच आहेत, म्हणून फळ्यावर मराठी शब्दही लिहिते. परवा वास्तव वायूंचं समीकरण लिहिलं:

(P + an²/V²)(V − nb) = nRT

पहिल्या कंसाखाली 'दाबाची दुरुस्ती' लिहिलं, दुसऱ्याखाली 'आकारमानाची दुरुस्ती'. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, दुरुस्ती तर बिघडलेल्या वस्तूची करतात. इथं बिघडलंय काय? वायू, की दाब मोजायचा काटा?" तिचा दुसरा प्रश्न त्याहून अडचणीचा होता. "वास्तव वायूचा दाब आदर्शापेक्षा कमी भरतो म्हणता, मग चिन्ह अधिकचं का?" मी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. इथल्या जाणकारांनी शब्दाबद्दलही सांगावं आणि चिन्हाबद्दलही.

शब्दवेडा, सातारा
आधी शब्द पाहू. 'दुरुस्त' फारसीतून आला, अर्थ ठीक, योग्य. घड्याळ दुरुस्ती, चूकदुरुस्ती, घटनादुरुस्ती, सगळीकडे काहीतरी उणं असलेलं नीट करणं हाच भाव आहे. 'आदर्श'चा मूळ संस्कृत अर्थ आरसा, त्यावरून नमुना. पण आज आदर्श शिक्षक, आदर्श गाव म्हटलं की 'असं असावं' हेच मनात येतं. म्हणजे मुलांच्या कानाला आदर्श वायू चांगला आणि वास्तव वायू बिघडलेला वाटणारच.
चिन्हाचं म्हणाल तर रेणू एकमेकांना ओढतात म्हणून दाबमापक कमी दाब दाखवतो. खरा दाब त्याहून जास्त असतो. तो फरक भरून काढायला अधिक चिन्ह.

दाबकाटा
शब्दवेडा, पहिला परिच्छेद मनापासून पटला. दुसऱ्याचं निम्मं बरोबर आहे. रेणूंच्या ओढीनं दाब कमी होतो हे खरं. पण दाबमापक कमी 'दाखवत' नाही, दाब कमी *असतो*. टाकीच्या भिंतीवर तेवढाच जोर पडतो आणि टाकी फुटायची झाली तर तेवढ्याच दाबानं फुटेल. काट्यामागं दुसरा कुठला खरा दाब दडलेला नाही.
मॅडम, मुलांना समीकरण उजवीकडून वाचायला लावा. nRT हा हिशोब आदर्श वायूचा, म्हणजे ज्याचे रेणू जागा व्यापत नाहीत आणि एकमेकांना ओढत नाहीत अशा मनात कल्पिलेल्या वायूचा. तो हिशोब जुळायला डावीकडेही आदर्श वायूचाच दाब आणि आदर्श वायूचीच मोकळी जागा लागते. आपल्या हातात मात्र मोजलेला P आणि टाकीचा V आहे. ओढ नसती तर दाब किती असता? मोजला त्याहून जास्त. म्हणून P मध्ये भर घालायची. रेणूंना हिंडायला जागा किती? टाकीपेक्षा कमी. म्हणून V मधून वजा करायचं. मोजमापात काहीच दुरुस्त करायचं नसतं. मोजलेले आकडे आपण फक्त दुसऱ्या वायूच्या हिशोबवहीत नेऊन मांडतो.

कुपवाड वर्कशॉप
आमचं वेल्डिंगचं काम आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर काटा साठच्या वर असतो. चार दिवस काम झालं तरी तो तिथंच, आणि मग एका दुपारी भराभर खाली येतो. पुरवठादारानं गॅस कमी भरला म्हणून मी भांडायला निघालो होतो. ही दाबाची दुरुस्ती म्हणतात ती हीच का? काट्यात काही सेटिंग करावं लागतं का?

दाबकाटा
नाही दादा, काट्याला हात लावू नका, तो बरोबरच आहे. तुमच्या सिलिंडरमध्ये वायू कमी आणि द्रव जास्त असतो. तुम्ही वायू काढता तसा द्रवातून नवा वायू तयार होतो, म्हणून द्रव संपेपर्यंत दाब जवळपास तिथंच राहतो. २७ अंशाला तो सुमारे ६७ बार असतो, थंडीत त्याहून कमी. किती माल उरला हे काट्यावर कळत नाही, सिलिंडर वजन करूनच कळतं. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकालाही याच कारणानं काटा नसतो, तोही वजनानंच तपासतात.
पण तुमचा प्रश्न विषयाबाहेरचा नाही. योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ साली लायडनला जो प्रबंध दिला, तो वायू आणि द्रव या दोन अवस्था सलग कशा आहेत यावरच होता. हे समीकरण त्यातलंच. रेणूंची जी ओढ दाब थोडा कमी करते, तीच वाढत गेली की वायूचा द्रव होतो.
याच वायूचं एक उदाहरण करून दाखवतो. १ मोल, म्हणजे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड १ लिटरच्या बाटलीत, ३०० केल्विनला, म्हणजे आपल्या नेहमीच्या २७ अंशाला. आदर्श हिशोबानं दाब २४.९ बार. या वायूचा b सुमारे ०.०४३ लिटर, म्हणून मोकळी जागा ०.९५७ लिटर. तेवढ्यानं दाब चढून २६ बार होतो. आता ओढीचा भाग: a सुमारे ३.६४, आणि मोल १, आकारमान १ असल्यामुळं वजा होणारा दाब सरळ ३.६४ बार. उरले २२.४. प्रत्यक्षात या स्थितीत दाब २२ च्या आसपास असतो, म्हणजे समीकरण इथं चांगलं चालतं.
यात एक गोष्ट मुलांना नक्की दाखवा. b दाब वाढवतो आणि a कमी करतो. दोघं विरुद्ध दिशांना ओढतात. इथं a जिंकला, एवढंच.

अडत, मार्केट यार्ड
शास्त्रातलं मला फार कळत नाही, पण V − nb वाचल्यावर आमचं बारदान आठवलं. हळदीचं पोतं काट्यावर टाकलं की भरेल त्या वजनातून बारदानाचं वजन वजा होतं आणि उरेल त्याची पट्टी निघते. त्याला आम्ही कधी दुरुस्ती म्हणत नाही, वजावट म्हणतो. काटाही चुकलेला नसतो आणि पोतंही. तसंच ना हे?

कृष्णाकाठ
काका, वर्गात हेच सांगणार! आमच्या निम्म्या मुलांच्या घरी हळद आहे. भर आणि वजावट. 'दाबात भर, आकारमानातून वजावट.' दुरुस्ती शब्दच नको.

दाबकाटा
मलाही आवडलं, पण एका ठिकाणी सांभाळा. बारदान जेवढं भरतं तेवढंच वजा होतं. b मात्र रेणूंच्या स्वतःच्या आकारमानाएवढा नसतो, त्याच्या चौपट असतो. 'b म्हणजे रेणूंचं आकारमान' असं पुष्कळदा सांगितलं जातं आणि मुलं तिथंच फसतात.
दोन सारख्या गोट्या घ्या आणि एकमेकींना टेकवा. त्यांची केंद्रं एका व्यासाहून जवळ येऊच शकत नाहीत. म्हणजे एका गोटीभोवती दुसरीच्या केंद्राला बंद असलेला गोल निघतो, त्याची त्रिज्या गोटीच्या त्रिज्येच्या दुप्पट. दुप्पट त्रिज्या म्हणजे आठपट आकारमान. पण ही बंदी दोघींमधली आहे, ती दोघींच्या नावे निम्मी निम्मी टाकायची, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला चौपट. रेणू इतके विरळ असले की एका वेळी दोघांचीच गाठ पडते, तोवर हा हिशोब खरा. दाटी झाली की बंद गोल एकमेकांवर चढतात आणि चौपट फार जास्त ठरते. वरचंच उदाहरण १ लिटरऐवजी ५० मिलिलिटरमध्ये करून पाहा. समीकरण दोन हजार बारच्या जवळचा आकडा देतं, प्रत्यक्ष दाब असतो दोनशेच्या आसपास.

शब्दवेडा, सातारा
माझी चूक मान्य. 'दाखवतो' आणि 'असतो' यातला फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. आता 'भर' पक्की करण्याआधी एक शंका. an²/V² मध्ये वर्ग कुठून आला? अनेक ठिकाणी वाचलं की भिंतीजवळचा रेणू मागं ओढला जातो, त्याचा वेग कमी होतो आणि तो भिंतीवर हळू आदळतो. यात वर्ग मला दिसत नाही.

दाबकाटा
वर्ग असा. ओढ खाणारे रेणू किती हे दाटीवर अवलंबून, आणि त्यांना ओढणारे किती हेही दाटीवरच. दाटी म्हणजे n/V. ती दोनदा आली, म्हणून वर्ग. बाटली निम्मी केली तर ही भर चौपट होते.
'हळू आदळतो' हे मात्र मला मान्य नाही. तापमान सगळीकडं एकच असेल तर रेणूंच्या वेगांची वाटणी भिंतीजवळही तीच असते, जी मध्यभागी असते. हळू झालेल्यांतले काही भिंतीपर्यंत पोचतच नाहीत, मागं वळतात. म्हणून भिंतीलगत रेणूंची दाटी कमी राहते. धडक मऊ होत नाही, धडकांची संख्या घटते.

कृष्णाकाठ
सर, हे मला नवं आहे आणि पटतंही आहे. पण मुलांच्या टिपणांत, प्रश्नसंचांत सगळीकडं 'कमी जोरानं आदळतो' आहे. मी वर्गात 'कमी संख्येनं' सांगितलं आणि तपासणाऱ्यानं गुण कापले तर?

दाबकाटा
'भिंतीवर पडणारा एकूण जोर कमी होतो' असं लिहायला लावा. ते दोन्हींकडून खरं आहे. पण मूल विचारेल तेव्हा पूर्ण सांगा.

शब्दवेडा, सातारा
'भर' आणि 'वजावट' मला मान्य. 'आदर्श'चं काय करायचं? 'कल्पित वायू' म्हणावं असं सुचवतो. 'वास्तव'च्या समोर तो नीट उभा राहतो.

कुपवाड वर्कशॉप
कल्पित म्हटलं तर पोरं म्हणतील, नसलेलं शिकवता कशाला. आमच्याकडं हवेच्या टाकीचा साधा हिशोब त्या आदर्शवाल्या सूत्रानंच करतो आम्ही, आणि तो जमतो.

शब्दवेडा, सातारा
हेही खरं. मग तूर्त 'आदर्श'च राहू दे. आणखी कुणाला सुचलं तर लिहा.

कृष्णाकाठ
आज वर्गात भर आणि वजावट सांगितली, बारदानाचं उदाहरण दिलं, गोट्याही नेल्या होत्या. त्याच मुलीनं मधल्या सुट्टीत हायड्रोजनचे आकडे घालून पाहिले. तेच १ मोल, १ लिटर, ३०० केल्विन. हायड्रोजनचा a जेमतेम ०.२५ आणि b ०.०२७. तिचं उत्तर २५.४ बार आलं, म्हणजे आदर्शाच्या २४.९ पेक्षा जास्त. मी दोनदा पडताळलं, बरोबर आहे. वही पुढं करून ती म्हणाली, "मॅडम, वास्तव वायूचा दाब कमी भरतो असं तुम्ही लिहून दिलं होतं." मी तिच्या वहीतलं ते वाक्य खोडलं, आणि उद्या सगळ्या वर्गाला खोडायला सांगणार आहे.