मदत हवी आहे: वर्ड स्ट्रेसमधला वेगळा शब्द ओळखा, मला चारही सारखेच वाटतात

निशिगंध
एंट्रन्सच्या इंग्लिश पेपरची तयारी करतेय, त्यात चार शब्द देतात आणि ज्याचा स्ट्रेस वेगळ्या सिलॅबलवर आहे तो निवडायचा असतो. सराव संचातला एक प्रश्न असा आहे: इकॉनॉमिक, सायंटिफिक, अ‍ॅथलेटिक, एनर्जेटिक. उत्तर दिलंय अ‍ॅथलेटिक. आता मी नियम वाचलाय की शेवटी 'इक' असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर, मग चारही शब्दांत तसंच आहे ना? वेगळा कुठून आला? कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, असे बरेच प्रश्न अडलेत.

पाऊलवाट
तुझा नियम बरोबर आहे, 'इक'च्या आधीच जोर असतो, नेहमीच. त्यामुळे चारही सारखे आणि उत्तर छापताना चूक झाली असणार. सोड हा प्रश्न, पुढे जा.

शाईदौत
पाऊलवाट, नियम बरोबर, पण उत्तरही बरोबरच आहे. नियम शेवटाकडून मोजतो आणि प्रश्न सुरुवातीकडून मोजायला सांगतो, घोळ तिथे आहे. इ-क-नॉ-मिक, चार सिलॅबल, जोर नॉ वर, म्हणजे तिसऱ्यावर. साय-अन-टि-फिक, जोर टि वर, तिसरा. ए-नर-जे-टिक, जे वर, तिसरा. अ‍ॅथलेटिकमध्ये मात्र सिलॅबल तीनच आहेत, अ‍ॅथ-ले-टिक, जोर ले वर, म्हणजे दुसऱ्यावर. झाला वेगळा.
निशिगंध, तू मनात अ‍ॅ-थ-ले-टिक असं चार तुकड्यांत म्हणत असशील बघ. आपण मराठी बोलणारे बरेचदा थ ला 'अ' लावून टाकतो, आणि एक सिलॅबल वाढला की ले आपोआप तिसरा होतो, मग चारही सारखे दिसणारच. इंग्रजीत त्या थ नंतर स्वर नाहीये.
आणि 'नेहमीच' म्हणू नका हो. पॉलिटिक्सचा जोर पहिल्यावर आहे, अ‍ॅरेबिकचाही पहिल्यावर. पेपर काढणारे असेच शब्द मुद्दाम घालतात, म्हणून हे अपवाद वेगळे पाठ करायचे.

निशिगंध
अरे हो, मी चारच मोजत होते!! पण डिक्शनरीत इकॉनॉमिकला दोन रेघा दिसतात, एक पहिल्या सिलॅबलला पण आहे. मग मोजायची कुठली?

शाईदौत
वरची उभी रेघ मोजायची, ती ज्या सिलॅबलच्या आधी येते त्यावर मुख्य जोर. खालची रेघ म्हणजे हलका, दुय्यम जोर, या प्रश्नात तो धरायचा नाही. लांब शब्दांत पहिला तुकडा थोडा जोरात ऐकू येतो तो त्यामुळेच, आणि त्यावर विश्वास ठेवला की फसायला होतं.
कानाने तपासायचं असेल तर स्वर ऐक. इकॉनॉमी म्हणताना जोर दुसऱ्यावर, इ-कॉ-न-मी, कॉ स्वच्छ येतो आणि पुढचा नॉ नुसता न होऊन जातो. इकॉनॉमिक म्हणताना उलट, कॉ चा क होतो आणि नॉ खणखणीत येतो. ज्याचा जोर गेला त्याचा स्वर मिटतो. आपण मराठीत दोन्हीकडे कॉ आणि नॉ पूर्ण म्हणतो ना, म्हणून आपल्या स्वतःच्या उच्चारावरून हे कळत नाही, रेकॉर्डिंगच ऐकावं लागतं.

ढगफुटी
माझा पण हाच प्रॉब्लेम आहे, रेकॉर्ड हा शब्द नाम असेल तर पहिल्यावर जोर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, पण पर्यायात वाक्यच देत नाहीत, नुसता शब्द, मग काय समजायचं?

शाईदौत
तुमचा मुद्दा वेगळा आहे पण रास्त आहे. उरलेले तीन शब्द बघा. त्या तिघांचा जोर एकाच ठिकाणी असेल तर रेकॉर्डच वेगळा, आणि तिघांतच एक वेगळा असेल तर रेकॉर्ड बाकी दोघांसारखा धरायचा. यातही उत्तर निघत नसेल तर प्रश्नच नीट काढलेला नाही.

निशिगंध
मग हा बघा, बरोबर का? डेमोक्रॅटिक, फोटोग्राफिक, ड्रॅमॅटिक, अ‍ॅकॅडेमिक. ड्रॅ-मॅ-टिक तीनच तुकडे, जोर मॅ वर म्हणजे दुसरा, बाकी तिघांना चार तुकडे आणि जोर तिसऱ्यावर. उत्तर ड्रॅमॅटिक.

शाईदौत
अगदी बरोबर. तुकडे पाडूनच मोजलंस हे महत्त्वाचं.

पाऊलवाट
पॉलिटिक्सचं आत्ता डिक्शनरीत पाहिलं, पहिल्यावरच आहे खरंच. पण मग कॉन्ट्रोव्हर्सीचं काय? ब्रिटिश उच्चारात पहिल्यावर पण आणि दुसऱ्यावर पण दाखवलाय. हा पर्यायात आला तर?

शाईदौत
अमेरिकन उच्चारात तो पहिल्यावरच आहे, ब्रिटिशमध्ये दोन्ही चालतात. परीक्षेने कुठली डिक्शनरी धरायची ते सांगितलं असेल तर ती बघा. नसेल सांगितलं तर मी बाकी तीन शब्दांवरून ठरवेन, पण याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाच्या पेपरात हा शब्द आला असेल तर उत्तर काय धरलं होतं ते इथे टाका.