उ: इतिवृत्ताचा तक्ता

>> तक्ता करूनही पुढच्या मीटिंगला 'हे माझ्याकडे नव्हतंच' ऐकावं लागतं.

कारण बहुधा 'जबाबदारी'च्या रकान्यात 'कमिटी' किंवा दोन नावं असतात. आमच्या सोसायटीत माझ्या वहीत असं होतं: 'टाकी गळतेय, खजिनदारांच्या ओळखीचा माणूस आहे, खर्च फार होईल, पावसाळ्याआधी झालं तर बरं.' वीस मिनिटं चर्चा, पण यात निर्णय एकही नाही! म्हणून उठायच्या आधी सरळ विचारलं, 'नक्की काय ठरलं?' तेव्हा कुठे हे निघालं:

| ठरलं | काम | कोण | कधीपर्यंत |
|---|---|---|---|
| आधी कोटेशनं, मग खर्चाला मंजुरी | तीन कोटेशनं आणणे | खजिनदार | 10 मे |
| दुरुस्ती कधी: ठरलं नाही | पुढच्या सभेत विषय घेणे | सचिव | 17 मे |

'पावसाळ्याआधी' ही मुदत नव्हे, तारीख लिहा. न ठरलेलंही तसंच लिहा, नाहीतर महिन्याने ते 'ठरलं होतं' म्हणून अंगावर येतं. हा तक्ता मी तिथेच मोठ्याने वाचतो. नाव ऐकलं की हरकत लगेच येते. एकदा वाचायचा राहिला, तर खजिनदार म्हणाले, 'मी फक्त नंबर देणार होतो.'