दोन सारख्या नोंदी: दोन खरेद्या की एकाच बिलाची दुहेरी वसुली?

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये किंवा पासबुकात एकाच दुकानाच्या नावापुढे सारख्याच रकमेच्या दोन नोंदी दिसल्यावर, त्या दोन वेगळ्या खरेद्यांच्या आहेत की एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले आहेत, हे आपण कसे ठरवले, याचे अनुभव नागपूरकर सदस्यांनी येथे लिहावेत, ही विनंती. "बँकेला फोन केला आणि पैसे मिळाले" एवढ्यावर न थांबता कोणत्या कागदावरून उलगडा झाला, तेही लिहावे. दुकानांची नावे टाळावीत.

धंतोलीहून एक गृहिणी

माझे दीर येथील एका रुग्णालयात दाखल होते आणि औषधे खालच्याच दुकानातून दिवसातून अनेकदा आणावी लागत. महिन्याच्या क्रेडिट कार्ड स्टेटमेंटमध्ये त्या दुकानाच्या एकाच तारखेच्या, प्रत्येकी ₹1,846 च्या दोन नोंदी दिसल्या. तीच इंजेक्शने सकाळ-संध्याकाळ लागत असल्याने दोन सारखी बिले होणे अशक्य नव्हते, म्हणून लगेच तक्रार न करता त्या दिवसाची सर्व बिले काढून टेबलावर मांडली. ₹1,846 चे बिल एकच निघाले. संध्याकाळचे बिल ₹1,790 चे होते आणि ते पुतणीने तिच्या मोबाइलवरून भरले होते.

मग मोबाइलवरचे संदेश पाहिले. पहिला 11:42 चा आणि दुसरा 11:44 चा होता. रांगेत उभे राहून तीच औषधे दोन मिनिटांत पुन्हा घेणे शक्य नव्हते. मशीन अडकले होते, पावती निघाली नव्हती आणि काउंटरवरच्या मुलाने कार्ड पुन्हा घालायला लावले होते, हेही तेव्हा आठवले. दुकानदारांचे म्हणणे असे होते की, "आमच्याकडे बिल एकच आहे, म्हणजे पैसेही एकदाच आले." मी त्यांना बिलांचे रजिस्टर बाजूला ठेवून कार्ड मशीनचा त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट काढण्याची विनंती केली. त्यात दोन्ही व्यवहार एकाखाली एक होते. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही आणि त्याच मशीनवरून त्याच कार्डावर परतावा केला.

इतवारीतील एक व्यापारी

ताईंनी एवढा खटाटोप करण्याची गरज नव्हती, असे माझे मत आहे. प्रत्येक व्यवहाराला बँकेचा संदर्भ क्रमांक असतो. यूपीआयमध्ये तो 12 अंकी असतो. दोन नोंदींचा क्रमांक वेगळा असेल तर व्यवहार दोन आहेत, आणि तोच क्रमांक दोनदा आला असेल तर चूक बँकेची आहे. माझ्या गल्ल्यावर येणाऱ्या तक्रारी मी याच एका कसोटीवर निकालात काढतो.

लक्ष्मीनगर, बँकेच्या कार्ड विभागातून निवृत्त

इतवारीच्या भाऊंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. क्रमांक वेगळे असले तर व्यवहार दोन झाले, इतके नक्की ठरते. परंतु खरेदी दोनदा झाली, हे त्यावरून ठरत नाही. कार्ड दुसऱ्यांदा घातले की संदर्भ क्रमांक नवाच पडतो, त्यामुळे धंतोलीच्या प्रकरणातही दोन्ही क्रमांक वेगळेच असणार. पैसे किती वेळा गेले, हे बँकेच्या कागदावर दिसते. ते कशासाठी गेले, हे केवळ दुकानाच्या बिलावर दिसते. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर एक बिल क्रमांक लावून पाहावा आणि जी नोंद बिलाविना उरेल, तिच्याबद्दलच विचारावे.

क्रेडिट कार्ड आणि बचत खाते यांतला फरकही लक्षात घ्यावा. क्रेडिट कार्डावर व्यवहार झाल्याबरोबर मर्यादेतील रक्कम फक्त अडवली जाते. दुकानाच्या बँकेने मागणी पाठवल्यावरच ती पक्की होऊन बिलात येते. त्यामुळे दोन्ही नोंदी छापील स्टेटमेंटमध्ये असतील, तर "आम्हाला पैसे आलेच नाहीत" हे दुकानाचे उत्तर तपासून घ्यावे. डेबिट कार्डाचे तसे नसते. तेथे खात्यातून रक्कम तत्काळ वजा होते आणि व्यवहार फसला असल्यास ती नंतर वेगळ्या जमा नोंदीने परत येते. अशा वेळी पासबुकात दोन वजा नोंदी पाहून निष्कर्ष काढू नये. पुढच्या काही दिवसांतील जमा बाजूही पाहावी.

मनीषनगरहून

माझाही असाच अनुभव आहे. वर्धा रोडवरील एका पेट्रोल पंपावर यूपीआयने ₹500 दिले, माझ्या खात्यातून गेले, परंतु पंपावर आल्याचे दिसले नाही, म्हणून रोख द्यावे लागले. तीन-चार दिवसांत पैसे आपोआप खात्यात आले. त्यामुळे काळजी न करता थांबावे, असे सुचवतो.

लक्ष्मीनगर, निवृत्त

आपला प्रकार वेगळा आहे. आपला व्यवहार फसला होता. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार दुकानाला केलेला असा यूपीआय व्यवहार फसल्यास रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते आणि उशीर झाल्यास दिवसाला ₹100 भरपाई असते. दुहेरी वसुलीत मात्र दोन्ही व्यवहार यशस्वी झालेले असतात. यंत्रणेच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसल्यामुळे तेथे थांबून पैसे परत येत नाहीत, मागावेच लागतात.

गोकुळपेठहून

आमच्या खात्यावर डेअरीच्या ₹132 च्या दोन नोंदी एकाच दिवशी होत्या. माझ्या मोबाइलमधील ॲपमध्ये एकच व्यवहार दिसत असल्याने यजमानांनी डेअरीवाल्यांना बरेच सुनावण्याची तयारी केली होती. खाते संयुक्त आहे आणि यजमानांच्याही मोबाइलला तेच जोडलेले आहे, हे आठवल्यावर त्यांच्या ॲपमधील इतिहास उघडला. सकाळी फिरून येताना त्यांनीच दूध आणले होते आणि संध्याकाळी पाहुणे आले म्हणून मी पुन्हा आणले. सकाळी 6:50 आणि संध्याकाळी 7:15, अशा वेळा दिसल्यावर विषय संपला. पासबुकात वेळ छापलेली नसते, हीच यातली अडचण आहे.

रामदासपेठहून

माझे प्रकरण अद्याप सुटलेले नाही. एका तपासणी केंद्राच्या ₹650 च्या दोन नोंदी क्रेडिट कार्डाच्या बिलात आहेत आणि त्यांच्यात सुमारे चाळीस मिनिटांचे अंतर आहे. केंद्राचे म्हणणे आहे की दुसरी रक्कम वडिलांच्या नमुन्याची होती. त्या दिवशी वडील सोबत होते हे खरे, परंतु त्यांचा अहवाल आम्हाला मिळालेला नाही आणि त्यांनी रक्त दिल्याचे त्यांना नीट आठवत नाही. येथे वेळेच्या अंतरावरून काहीच ठरत नाही. बँकेत तक्रार केल्यास केंद्र मशीनची पावती दाखवून मोकळे होईल का?

लक्ष्मीनगर, निवृत्त

मशीनच्या पावतीवरून कार्ड वापरले गेले, एवढेच सिद्ध होईल, आणि ते तर आपणही नाकारत नाही. म्हणून तक्रारीत "हा व्यवहार मी केला नाही" असे लिहू नये. "एकाच सेवेसाठी दोनदा आकारणी" असे लिहावे आणि दुसऱ्या रकमेचे वडिलांच्या नावाचे बिल व नमुन्याचा नोंदणी क्रमांक मागावा. नमुना घेतला असेल तर केंद्राकडे त्याची नोंद असणारच. परतावा रोखीने देऊ केल्यास शक्यतो घेऊ नये, कारण बँकेतील तक्रारही चालू असेल तर हिशेब आणखी गुंततो. बिलाची अंतिम तारीख जवळ असेल, तर वादातील रक्कम बाजूला ठेवली आहे का, हे बँकेकडून लेखी घ्यावे. नाहीतर त्यावर व्याज लागू शकते.

रामदासपेठहून

नोंदणी क्रमांक मागितला आहे. जुने रजिस्टर दुसऱ्या शाखेत असल्याने सोमवारी या, असे सांगितले आहे.