मदत हवी आहे: ४२ पानांचं डिझाईन डॉक्युमेंट, नवी डेव्हलपर सोमवारी येतेय, सारांश कसा काढू?

मांजराकाठ: नमस्कार मंडळी. लातूरला आमची चार जणांची टीम आहे, अडत दुकानांसाठी वजनाचं अन् पट्टीचं सॉफ्टवेअर करतो. काट्याजवळ टॅब असतो, रेंज नसली तरी पावती टॅबमधेच सेव्ह होते अन् रेंज आली की सर्व्हरला जाते. याचं डिझाईन डॉक्युमेंट ४२ पानांचं, तिघांनी मिळून लिहिलेलं. नव्या मुलीला पहिलं काम सिंकचंच द्यायचंय. मागच्या वेळी मी प्रत्येक प्रकरणाचे दोन-दोन परिच्छेद करून ६ पानं काढली होती, नव्या पोरानं ती मन लावून वाचली, अन् तरी आठव्या दिवशी एकाच मालाच्या दोन पट्ट्या पडल्या, ३० क्विंटल सोयाबीनचे ६० दिसायले. त्याची चूक म्हणवत नाही मला. यावेळी काय ठेवू अन् काय गाळू?

दुधना_७: डॉक्युमेंट कायम शिळंच असतं हो. सरळ कोड वाचायला लावा, दोन दिवसात कळतंय.

कापूसवाला: आमच्या जिनिंगवर नवा ऑपरेटर आला की मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवतो, बटन कुठलं दाबायचं ते. तसं करा की.

मांजराकाठ: दादा, ते ऑपरेटरसाठी बरोबर आहे, ही मात्र आतलं कोड लिहिणार आहे.

गोदाताई: आधी एक सांगा, त्या डबल पट्टीबद्दल मूळ डॉक्युमेंटमधे काय होतं अन् तुमच्या सारांशात काय उरलं?

मांजराकाठ: ताई, आत्ता काढून बघितलं. पान १७ वर आहे, `receipt_id` टॅबवर पावती बनताना एकदाच तयार होईल, परत पाठवताना तोच जाईल. मी लिहिलं होतं, "प्रत्येक पावतीला युनिक आयडी असतो."

गोदाताई: बघा, तुमचं वाक्य खोटं नाही, पण त्यातून "एकदाच" अन् "तोच" हेच दोन शब्द गेले. पोरानं प्रत्येक वेळी पाठवताना नवा आयडी बनवला असणार, तोही युनिकच की. सर्व्हरनं पावती घेतली, उत्तर येता येता रेंज गेली, टॅबला वाटलं गेलीच नाही, परत पाठवली, नवा आयडी बघून सर्व्हरनं ती दुसरी पावती धरली. प्रकरणं सारखी आखडत गेलं की असंच होतं, रिपोर्टच्या रंगाला अन् या नियमाला सारखीच जागा मिळते.

म्हणून प्रकरणं सोडा, एक पावती धरा. काट्यावर वजन आलं तिथून ती पट्टीत छापेपर्यंत कुठून कुठं जाते ते लिहा, अन् प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी: कोणत्या फाईलीत आहे, इथं काय मोडायचं नाही, अन् असं का ठरवलं. "का" गाळू नका. आयडी सर्व्हरनं का नाही द्यायचा? कारण रेंज नसताना पण शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची असते. हे कळलं नाही तर ती उद्या भल्या मनानं तेच बदलून ठेवेल. हमालीचे दर, रिपोर्ट हे सगळं फक्त पान नंबर देऊन सोडा, तिच्या पहिल्या कामाला ते लागत नाही.

दुधना दादा, शिळं असतं हे तुमचं खरंय, म्हणून सारांशातलं प्रत्येक वाक्य कोडशी ताडून मगच लिहायचं. पण कोड काय होतंय ते सांगतं, कोणता रस्ता विचार करून सोडला ते त्यात नसतं.

दुधना_७: हे पटलं. पण कोड बदललं की हा कागद पण शिळा होणार, तो कोण बघणार?

गोदाताई: आम्ही कोडच्या रिपॉझिटरीतच ठेवतो अन् रिव्ह्यूला विचारतो. तरी सुटतंच कधी कधी, याला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही.

मांजराकाठ: रात्री बसून दीड पान केलं. सर्व्हरच्या टप्प्याला एवढंच ठेवलं:

```
INSERT INTO receipts (...) VALUES (...)
ON CONFLICT (receipt_id) DO NOTHING;
```

खाली लिहिलं की तोच आयडी परत आला तर सर्व्हर गप्प बसतो, अन् हे मुद्दाम आहे. डॉक्युमेंटमधे पाच वेळा पाठवायचं म्हणलंय, कोडमधे मर्यादाच नाही, ते पण लिहिलं.

गोदाताई: छान. काम द्यायच्या आधी तिला एकच विचारा, पावती पोचली अन् उत्तर हरवलं तर सर्व्हरवर किती पावत्या, टॅबवर काय दिसतं? कागद बघून सांगता आलं नाही तर कागद दुरुस्त करा. अन् एक मला खटकतंय. अडत्यानं पाठवल्यावर वजन दुरुस्त केलं, आयडी तोच, तर `DO NOTHING` त्या दुरुस्तीला पण गप्प गिळणार ना?

मांजराकाठ: ताई, ४२ पानांत याबद्दल एक ओळ नाही. जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, तो म्हणतो दुरुस्तीला वेगळी पावती करायचं ठरलं होतं, दुसरा म्हणतो असं काही ठरलंच नाही. सारांशात सध्या "हे ठरलेलं नाही, हात लावायच्या आधी विचार" असं लिहून ठेवलंय, उद्या टॅबवर वजन बदलून बघतो काय होतंय ते.